अनुदान अर्जातला संशोधक परिचय: पेपर, मिळालेला निधी आणि पुढची दिशा यांचा मेळ कसा घालावा?

कार्तिकी_भू

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. भूजलातलं फ्लोराइड हा पीएचडीपासूनचा विषय, आणि कामाचा भाग दक्षिण यवतमाळ, म्हणजे पैनगंगेच्या बाजूचे तालुके. सध्या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेकडे, म्हणजे एएनआरएफकडे, तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी अर्ज करते आहे, साधारण ३५ लाखांचा. तांत्रिक भाग लिहून झालाय, बजेटही झालंय. गाडी अडली आहे ती बायोडेटावर. पदव्या, नोकरी, पेपर, पेटंट हे रकाने भरायला काही अडचण नाही. शेवटी "इतर माहिती, कमाल ५०० शब्द" अशी चौकट असते, तिथे नेमकं काय लिहायचं ते कळत नाहीये.

माझी पुंजी अशी: एकूण ११ पेपर, त्यातल्या ४ मध्ये मी प्रथम लेखक. एक पेपर २७ लेखकांचा आहे, गंगेच्या खोऱ्यातल्या आर्सेनिकवरचा, आणि सर्वांत जास्त सायटेशन्स त्यालाच आहेत (१८०च्या आसपास). माझ्या स्वतःच्या पेपरांना ९, १४, २२ अशी. निधी म्हणाल तर २०१९ मध्ये विद्यापीठाकडून १ लाख ८० हजारांचा लहान प्रकल्प, आणि २०२२ ते २४ मध्ये राज्य पातळीवरच्या १२ लाखांच्या प्रकल्पात सहसंशोधक. २०२० आणि २१ मध्ये एकही पेपर नाही, तेव्हा बाळंतपण आणि मुलाचं आजारपण होतं.

कच्चा मसुदा खाली देते. अर्ज इंग्रजीतच जाणार, पण चर्चेला सोपं म्हणून मराठीत:

> डॉ. … यांना भूजल संशोधनाचा दहा वर्षांहून अधिक अनुभव असून त्यांचे ११ शोधनिबंध नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. त्यांच्या संशोधनाला २६० हून अधिक सायटेशन्स मिळाली आहेत. त्यांनी एकूण १३.८ लाख रुपयांचा संशोधन निधी मिळवला आहे. जलरसायनशास्त्र, जीआयएस, दूरसंवेदन, मशीन लर्निंग आणि ग्रामीण आरोग्य ही त्यांच्या आवडीची क्षेत्रे आहेत. भविष्यात भूजल प्रदूषणावर शाश्वत उपाय शोधण्याचा त्यांचा मानस आहे.

वाचून समाधान होत नाही, पण कुठे बिघडलंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रा_लातूर

कार्तिकीताई, काहीही गाळू नका. परिषदांमधले शोधनिबंध, पुस्तकातली प्रकरणं, रिफ्रेशर कोर्स, एनएसएस, परीक्षा समिती, सगळं टाका. मी मागच्या वर्षी कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, मुलाखतीला गेलो तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्राचे गुण मोजले गेले. फाइल जाड असली की समितीवर छाप पडते.

रसायन७७

पहिल्या ओळीत एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज टाका. परीक्षकाकडे गठ्ठाभर अर्ज असतात, त्याला एका नजरेत आकडा हवा असतो. आणि १८० सायटेशन्सवाला पेपर सर्वांत वर. तुमचं सर्वांत मोठं नाणं तेच आहे, ते तळाशी कशाला ठेवायचं?

गोदाकाठ

मी निवृत्त आहे. नोकरीत असताना बरीच वर्षं प्रकल्पांच्या छाननी समित्यांवर बसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रा. लातूर यांच्याबद्दल. त्यांचा सल्ला बढतीसाठी बरोबर आहे. तिथे गेल्या काही वर्षांत काय काय केलं ते मोजायचं असतं. अनुदानाच्या अर्जात समिती वेगळा प्रश्न विचारते: हे काम, एवढे पैसे, एवढ्या काळात, या व्यक्तीच्या हातून पार पडेल का? ज्या ओळीने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही ती जागा अडवते. एनएसएसचं काम कितीही मोलाचं असलं तरी त्यावरून फ्लोराइडचं मोजमाप विश्वासार्ह असेल का हे कळत नाही.

रसायन७७ यांचं निम्मं पटलं. परीक्षकाकडे वेळ कमी असतो हे खरं, त्यामुळे पहिल्या दोन ओळींतच वजन पडलं पाहिजे. पण तिथे आकडा ठेवला तर परीक्षक काय करतो ते मी कित्येकदा जवळून पाहिलंय. तो पेपरांच्या यादीत खाली जातो आणि आकडा कुठून आला ते शोधतो. २६० पैकी १८० एकाच पेपरची, त्यात अर्जदाराचं नाव सत्तावीस जणांत कुठेतरी मध्ये, आणि विषय आर्सेनिक, खोरं गंगेचं. हे कळायला दोन मिनिटं लागतात. मग उरलेल्या ८० चांगल्या सायटेशन्सकडेही तो संशयानेच बघतो. आकडा खोटा नसतो, पण त्यावर उभा केलेला दावा टिकत नाही.

आता मसुदा. त्यातल्या पाचही वाक्यांना एक साधी कसोटी लावा. हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या अर्जात, नुसतं नाव बदलून, चालेल का? "दहा वर्षांहून अधिक अनुभव" चालेल. "नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिके" चालेल. "शाश्वत उपाय" तर कुठेही चालेल. अख्ख्या मसुद्यात फ्लोराइड हा शब्द नाही, यवतमाळ नाही, विहीर नाही, बोअर नाही. तुम्ही धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात चार ओळींत जे सांगितलंत ते मसुद्यापेक्षा जास्त बोलकं आहे.

मला एक सांगा. इतकी वर्षं काम करून तुम्हाला असं काय सापडलं जे आधी माहीत नव्हतं? आणि ते सापडल्यावर कुठे अडलात? परिचय तिथून लिहायला घ्या.

कार्तिकी_भू

सर, प्रश्नाबद्दल आभार. उत्तर जरा लांब आहे.

पीएचडीत मी भागाचा नकाशा केला: कोणत्या गावात फ्लोराइड प्यायच्या पाण्याच्या मर्यादेवर आहे, कोणत्या गावात नाही. आपल्याकडे भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नकाशा सगळे करतात तसाच होता. पण २०१९च्या विद्यापीठ प्रकल्पात त्याच बोअरवेलचं पाणी मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये तपासलं. पावसाचं पाणी मुरलं की फ्लोराइड पातळ होऊन उतरेल अशी अपेक्षा होती. बहुतेक ठिकाणी तसंच झालं. काही बोअरमध्ये मात्र पावसाळ्यानंतर ते वाढलेलं निघालं. त्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त होतं. कॅल्शियम कॅल्साइटच्या रूपात बाहेर पडलं की पाण्याला फ्लोराइटमधून आणखी फ्लोराइड विरघळवायला वाव मिळतो, हे रसायन जुनंच आहे. पण ते याच बोअरमध्ये का, शेजारच्यात का नाही, हे दोन ऋतूंच्या दोन नमुन्यांवरून सांगता येत नाही. मुरलेलं पाणी कुठल्या वाटेने आणि किती दिवसांत तिथवर पोचतं ते माहीत हवं. त्यासाठी महिन्याला नमुने, पातळी मोजणारी यंत्रं आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांचं विश्लेषण लागतं. १ लाख ८० हजारांत ते शक्यच नव्हतं. नवा प्रकल्प त्यासाठीच मागते आहे.

गोदाकाठ

हाच तुमचा परिचय. जुन्या कामाची हद्द जिथे संपली तिथून नवा प्रस्ताव सुरू होतो, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसलं की भवितव्याबद्दल वेगळं भाषण करावं लागत नाही.

पेपर, निधी आणि पुढची दिशा असे तीन वेगळे परिच्छेद पाडू नका. बहुतेक जण तसे पाडतात आणि मग तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. एका पैशातून एक नोंद निघाली, त्या नोंदीतून एक पेपर निघाला, आणि त्या पेपरात एक प्रश्न अनुत्तरित राहिला, असं सलग लिहा.

हायडलबर्गकर

मी जर्मनीत पोस्टडॉक आहे. इथल्या डीएफजी या संशोधन निधी संस्थेच्या सीव्ही नमुन्यात महत्त्वाचे पेपर जास्तीत जास्त दहा देता येतात, आणि इतर स्वरूपाचं काम, म्हणजे डेटासंच, सॉफ्टवेअर वगैरे, यासाठी वेगळे दहा. एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर मूल्यमापनात धरायचे नाहीत असं धोरण आहे. संशोधनाचं मोल अशा आकड्यांवरून ठरवू नये असं सांगणारा डोरा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला, त्याचा हा पुढचा परिणाम. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या निधी संस्थेने तर वर्णनात्मक सीव्हीच आणलाय. भारतातही तसंच लिहावं असं माझं मत.

गोदाकाठ

माहिती उपयोगी आहे. पण आपल्या नमुन्यात पेपरांची यादी वर्षानुसार उतरत्या क्रमाने पूर्ण मागतात. ती तशीच द्यायची, निवडक देऊन चालणार नाही. निवड करायची ती ५०० शब्दांच्या चौकटीत. तिथे यादीतले तीन-चार पेपरच बोलू द्या. आणि आपल्या समितीवर एच-इंडेक्स विचारणारे लोक आजही असतात. कुणी विचारलंच तर स्कोपसचा की गूगल स्कॉलरचा आणि कोणत्या तारखेचा, हे सांगता यायला हवं. दोन्हींत बराच फरक पडतो, कारण स्कॉलर प्रबंध, अहवाल, सगळंच धरतं.

रसायन७७

मान्य, पण माझा मुद्दा सोडत नाही. मी दोन अर्ज केलेत, एकात आकडे नव्हते, तो फेटाळला गेला. दुसऱ्यात होते, तो मंजूर झाला.

मिलिंद_सांख्यिकी

रसायन७७, दोन अर्जांवरून हे ठरवता येणार नाही. मधल्या काळात तुमचे पेपरही वाढले असतील, समितीही बदलली असेल.

निधीच्या इतिहासाबद्दल एक सांगतो, कारण कार्तिकीताईंना १३.८ लाख हा आकडा पुढे करावासा वाटतोय. २०१८ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात नेदरलँड्सवरचा एक अभ्यास आला होता, बोल, दे व्हान आणि व्हान दे राइट यांचा. तिथल्या तरुण संशोधकांच्या अनुदान योजनेत कटऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्यांची तुलना केली. गुणवत्तेत दोघांत जवळपास काहीच फरक नव्हता. तरी वरच्यांनी पुढच्या आठ वर्षांत खालच्यांपेक्षा दुपटीहून जास्त निधी मिळवला. याचं एक कारण असं की जे हुकले त्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं.

म्हणजे आधी पैसे मिळाले होते ही गोष्ट थोडी पात्रता सांगते आणि थोडा आधीचा योग सांगते. समितीतल्या जाणत्या माणसाला हे ठाऊक असतं. त्यामुळे किती मिळाले यापेक्षा मिळालेल्याचं काय केलं, हे लिहिण्यात जास्त दम आहे. १ लाख ८० हजारांत पावसाळ्यानंतर उलटी वागणारी बोअर सापडली, ही माझ्या मते फार जोरदार ओळ आहे.

प्रकल्पकक्ष

मी एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्प विभागात काम करते. संशोधक नाही, कागद बघणारी आहे. त्या १३.८ लाखांबद्दल बोलते.

१२ लाख हा पूर्ण प्रकल्पाचा आकडा आहे. कार्तिकी मॅडम तिथे सहसंशोधक. त्यांच्या वाट्याचा खर्च किती होता? तेवढाच त्यांनी लिहावा. आमच्याकडे असे अर्ज येतात ज्यात एकच प्रकल्प तीन प्राध्यापक आपापल्या नावावर पूर्ण रकमेचा दाखवतात. तिघांचे अर्ज एकाच समितीसमोर गेले तर काय होईल याचा विचार करा.

दुसरं, प्रत्येक प्रकल्पापुढे तो पूर्ण झाला, चालू आहे की फक्त सादर केलाय, हे स्पष्ट लिहायचं. पूर्ण असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, आपला जीएफआर १२-अ, आणि खर्चाचं विवरण गेलंय का, हे बघून ठेवा. परिचयात लिहायची गरज नाही. पण जुन्या प्रकल्पाची यूसी अडकलेली असताना "यशस्वीरीत्या पूर्ण" लिहिलं आणि पुढे कुणी विचारलं तर अवघड होतं. यूसी बहुतेक वेळा लेखा विभागाच्या सहीसाठी पडून असते आणि संशोधकाला त्याचा पत्ताच नसतो.

कार्तिकी_भू

मॅडम, हे फार कामाचं सांगितलंत. माझ्या वाट्याला साडेचार लाख होते: नमुने गोळा करणं, क्षेत्रातली मोजमापं आणि एक प्रकल्प सहायक. विद्यापीठाच्या प्रकल्पाची यूसी गेली आहे, पोच माझ्याकडे आहे. राज्याच्या प्रकल्पाची मुख्य संशोधकांच्या संस्थेतून गेली असणार, उद्या फोन करते.

सुमेधा_पुणे

मला त्या दोन वर्षांबद्दल बोलायचंय. माझीही अशी दोन वर्षं गेली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी अर्जात काहीच लिहिलं नाही. नंतर टिपणी आली की मधल्या काळात संशोधनातलं सातत्य दिसत नाही. पुढच्या अर्जात एक ओळ घातली, ती टिपणी पुन्हा आली नाही. म्हणून कार्तिकी, लिही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि यादीत २०१९ नंतर थेट २०२२ दिसतंच.

रसायन७७

मला नाही वाटत लिहावं. घरगुती कारण सांगितलं की काही जुने सदस्य वेगळ्याच नजरेने बघतात. बाईंनी तर मुळीच लिहू नये. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, पण असं होतं.

सुमेधा_पुणे

तसं होतं म्हणून बायकांनीच गप्प बसायचं का? त्या सदस्याला उत्तर देण्याची जबाबदारी समितीच्या अध्यक्षाची आहे.

गोदाकाठ

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी दोन्ही प्रकारच्या समित्या पाहिल्या आहेत. माझा कल सुमेधा यांच्याकडे आहे. लिहायचं ते कारणाचा तपशील न देता, तारखांसह, एका वाक्यात: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत प्रसूती आणि बालसंगोपनाच्या रजेवर. त्या काळात कुणी नमुने घेत राहिलं असेल किंवा नोंदी चालू असतील तर तेही लिहा. त्या वाक्याला दिलगिरीचा सूर नको.

२७ लेखकांच्या पेपरबद्दल विचारतो. त्यात तुम्ही नेमकं काय केलंत?

कार्तिकी_भू

पीएचडीनंतर काही महिने त्या गटात होते. आयन क्रोमॅटोग्राफीवर ऋणायनांची मोजणी माझ्याकडे होती, आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळतात का ते बघणं. पेपरच्या शेवटी लेखकांच्या कामाची वाटणी दिली आहे, त्यात माझं नाव मोजमाप आणि पडताळणी या दोन ठिकाणी आहे.

गोदाकाठ

मग हा पेपर सायटेशन्ससाठी वापरूच नका. "माझं मोजमाप दुसऱ्या प्रयोगशाळांच्या तोडीचं आहे" हे दाखवायला वापरा. नव्या प्रकल्पात तुम्ही दर महिन्याला फ्लोराइड, कॅल्शियम, बायकार्बोनेट मोजणार. त्या आकड्यांवर विश्वास का ठेवावा, असं परीक्षक मनात विचारणारच. प्रयोगशाळांमधली तुलना तुम्ही केली आहे, ती छापून आली आहे, आणि त्यातला तुमचा वाटा पेपरातच नोंदलेला आहे. त्या पेपरचं इथे एवढंच काम आहे, आणि ते लहान नाही. विषय आर्सेनिक होता ही अडचणही त्यात उरत नाही.

मिलिंद_सांख्यिकी

सुंदर. आवडीची पाच क्षेत्रं लिहिली आहेत त्यांचं काय? मशीन लर्निंग खरंच केलंय का, ताई?

कार्तिकी_भू

एका विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधात केलं होतं, मी मार्गदर्शक. प्रकाशित नाही. नव्या प्रकल्पातही त्याची गरज नाही.

मिलिंद_सांख्यिकी

मग काढा. नाहीतर मुलाखतीत कुणीतरी नेमकं तेच विचारतं आणि सगळा वेळ त्यात जातो.

हायडलबर्गकर

समस्थानिकांचं विश्लेषण तुम्ही स्वतः केलेलं नाही, बरोबर? ते परिचयात कसं मांडणार? इथे माझ्या एका सहकाऱ्याने असा भाग गाळला आणि परीक्षकाने पहिला शेरा त्यावरच मारला.

कार्तिकी_भू

हो, नाही केलेलं. तेच विचारणार होते. उणीव लिहिली तर अर्ज कमकुवत नाही का होणार?

गोदाकाठ

उणीव आहे हे पेपरांच्या यादीवरून दिसणारच. तिच्यासोबत सोय लिहिली की ती नियोजनाचा भाग होते. सहसंशोधक कोण, त्यांचा त्या तंत्रातला अनुभव काय, नमुने कुठे जाणार, हे प्रस्तावात असेलच. परिचयात एक वाक्य पुरे: हे तंत्र मी सहसंशोधकांकडून घेणार आहे आणि नमुने घेण्याची पद्धत त्यांच्यासोबत ठरवली आहे. अर्थात ती खरोखर ठरवलेली असली पाहिजे.

आणि पुढची दिशा लिहिताना एक काळजी घ्या. प्रकल्पाची उद्दिष्टं तिथे पुन्हा उतरवू नका, ती प्रस्तावात आहेतच. इथे तीन वर्षांनंतर हा प्रश्न तुम्हाला कुठे नेणार आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगा. जे हाताशी आहे त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच.

कार्तिकी_भू

दोन दिवस बसून नवीन मसुदा केला. प्रथमपुरुषी लिहिलाय. शब्द ५०० पेक्षा बरेच कमी आहेत.

> एकाच गावात एका बोअरवेलचं पाणी पिण्यायोग्य असतं आणि जवळच्याच दुसरीत फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असतं. असं का होतं आणि ऋतूंनुसार ते कसं बदलतं, हा माझ्या कामाचा विषय आहे. पीएचडीत (२०१७) मी दक्षिण यवतमाळमधील फ्लोराइडची गावनिहाय मांडणी केली (यादीतील पेपर ९ व १०, प्रथम लेखक).
>
> २०१९ मध्ये विद्यापीठाच्या १.८ लाखांच्या प्रकल्पात (मुख्य संशोधक, पूर्ण) त्याच बोअरवेल पावसाळ्याआधी आणि नंतर तपासल्या. काही ठिकाणी पावसाळ्यानंतर फ्लोराइड घटण्याऐवजी वाढलेलं आढळलं. तिथलं पाणी कमी कॅल्शियम आणि जास्त बायकार्बोनेटचं होतं (पेपर ६, प्रथम लेखक). जून २०२० ते ऑक्टोबर २०२१ मी प्रसूती व बालसंगोपनाच्या रजेवर होते. २०२२ ते २४ मध्ये राज्य पातळीवरील प्रकल्पात (सहसंशोधक, माझ्या विभागाचा खर्च ४.५ लाख) नमुने आणि क्षेत्रीय मोजमापाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यात उलट कल दाखवणाऱ्या बोअरवेल पुन्हा तपासल्या, आणि कल कायम असल्याचं दिसलं (पेपर २, प्रथम लेखक). या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला दिल्या आहेत.
>
> ऋणायनांच्या मोजमापाची माझी पद्धत अनेक प्रयोगशाळांच्या तुलनेत पडताळलेली आहे (पेपर ८, मोजमाप आणि पडताळणीतील माझा वाटा पेपरात नमूद).
>
> वर्षातून दोन नमुन्यांवरून हा कल दिसतो, त्याचं कारण कळत नाही. त्यासाठी मासिक नोंदी आणि समस्थानिकांचं विश्लेषण लागेल. हे तंत्र मी स्वतः वापरलेलं नाही. ते सहसंशोधकांकडून घेणार असून नमुने घेण्याची पद्धत त्यांच्यासोबत ठरवली आहे. कारण उलगडलं तर नवीन बोअर कुठे आणि किती खोल घ्यावी याचा अंदाज खडक आणि पाण्याच्या रसायनावरून बांधता येईल का, हे पुढच्या टप्प्यात तपासायचं आहे.

गोदाकाठ

आता हा तुमचाच अर्ज आहे, दुसऱ्या कुणाचा होऊ शकत नाही. दोन गोष्टी. "कल कायम असल्याचं दिसलं" इथे किती बोअरवेलपैकी किती, ते लिहा. पेपरात असेलच. शेवटचं वाक्य चांगलं आहे, "येईल का" हेही बरोबर. "बांधता येईल" असं ठाम लिहिलं असतं तर मी अडवलं असतं.

प्रा_लातूर

मी प्रश्न चुकीच्या अंगाने घेतला होता, आता लक्षात आलं. पण एक विचारतो. पेपर २, ६, ८, ९, १० आले. उरलेल्या सहांचं काय? लोक विचारतील ना?

कार्तिकी_भू

ते यादीत आहेत, सर. त्यातले तीन विद्यार्थ्यांसोबतचे, इतर जिल्ह्यांतल्या पाण्यावरचे. दोन सहकाऱ्यांचे आहेत, मी सहलेखक. एक मात्र मला सतावतोय. २०१८ मध्ये एका नियतकालिकात दिला होता, तेव्हा ते यूजीसीच्या यादीत होतं, नंतर वगळलं गेलं. आता तर त्या यादीच्या जागी आलेली केअर यादीच यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. पेपरातलं काम खरं आहे, पण त्या नियतकालिकात परीक्षण नावापुरतंच होतं. यादीत ठेवू की काढू?

मिलिंद_सांख्यिकी

काढा. एका पेपरमुळे बाकीच्यांवर सावली पडते.

गोदाकाठ

मी काढणार नाही. नमुन्यात एससीआय नियतकालिकांमधले पेपर असं म्हटलंय, त्यात तो बसत नसेल तर त्या रकान्यात नको, हे नक्की. "पुस्तके, अहवाल, इतर लेख" या रकान्यात द्या. ऑर्किडवर आणि स्कॉलरवर तो दिसतोच आहे, अर्जातून गायब केलात तर उलट प्रश्न उठेल.

मिलिंद_सांख्यिकी

सर, इथे माझं मत वेगळं आहे. इतर लेख म्हणून दाखवला तरी परीक्षक नियतकालिकाचं नाव वाचतोच. अर्जात काय द्यायचं ते अर्जदाराने ठरवायचं, ऑर्किड ही वेगळी नोंद आहे.

सुमेधा_पुणे

मी गोदाकाठ सरांच्या बाजूने. पण माझ्या विभागप्रमुख मिलिंद यांच्यासारखंच सांगतात.

प्रकल्पकक्ष

कार्तिकी मॅडम, साडेचार लाखांचा वाटा मंजुरीपत्रात विभागून दिलाय का? नसेल तर मुख्य संशोधकांकडून, त्यांच्या संस्थेच्या शिक्क्यासह, तेवढं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. अर्जासोबत कुणी मागत नाही, पण मंजुरीच्या टप्प्यावर विचारणा झाली की ते पत्र मिळवायला महिना जातो.

कार्तिकी_भू

मंजुरीपत्रात फक्त एकूण रक्कम आहे, वाटणी बजेटच्या जोडपत्रात आहे. आज मुख्य संशोधकांशी बोलले. यूसी गेली आहे, पत्र ते सोमवारी देतो म्हणालेत. बोअरवेलचे आकडे मसुद्यात घातले: १९ पैकी १४. आणि २०१८चा पेपर तूर्तास इतर लेखांच्या रकान्यात ठेवलाय. मिलिंदभाऊंचं म्हणणं डोक्यात आहे, अर्ज सादर करायच्या आदल्या दिवसापर्यंत विचार करणार आहे. आणखी कुणाला अशा पेपरचा अनुभव असेल तर जरूर लिहा.